'पेनल्टीवर चर्चा झाली' असं लिहिलं, मग ठरलं काय?

*नमस्कार ताई, मी चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत ॲडमिनला आहे, दोन वर्षं झाली. कामगारांच्या बसेस एका व्हेंडरकडे आहेत, त्यांचा दर महिन्याला रिव्ह्यू होतो आणि मिनिट्स मी लिहिते. जून-जुलैला गाड्या खूप लेट आल्या, मीटिंगमध्ये पेनल्टीचं सगळं बोलणं झालं, व्हेंडरचे मालक हो हो म्हणाले. मी लिहिलं, "पेनल्टीवर चर्चा झाली, व्हेंडरने सुधारणेचे आश्वासन दिले." आता अकाउंट्सने बिलातून पैसे कापले तर ते म्हणतात असं काही ठरलंच नव्हतं, मिनिट्स दाखवा. साहेब मला विचारतायत. ऑगस्टचा रिव्ह्यू पुढच्या आठवड्यात आहे. मिनिट्स नक्की लिहायचे कसे?*
*– एक वाचक, चाकण*

नमस्कार. तुमचं पत्र वाचून मला माझं जुनं ऑफिस आठवलं. तिथे कँटीनच्या व्हेंडरचे रिव्ह्यू मी लिहायचे आणि जवळजवळ प्रत्येक महिन्यात 'चर्चा झाली' हे दोन शब्द असायचेच. पुढे ऑडिट आलं, ऑडिटरने आठ महिन्यांचे मिनिट्स समोर ठेवले आणि एकच प्रश्न विचारला, की यातली कापायची रक्कम कुठे लिहिलीय? कुठेच नव्हती. मीटिंगला मी स्वतः बसले होते, आकडे मला तोंडपाठ होते, पण कागदावर काहीच नाही, त्यामुळे आठ महिन्यांची पेनल्टी सोडून द्यावी लागली आणि मला आजही त्याचं वाईट वाटतं. तेव्हा तुमची चूक मोठी आहे असं अजिबात समजू नका, पण ऑगस्टच्या मिनिट्सपासून ती बंद करायचीच, आणि जून-जुलैचं काय करायचं ते मी शेवटी सांगते कारण पुढच्या आठवड्यातली मीटिंग आधी हातात आहे.

मिनिट्स मीटिंगमध्ये सुरू होत नाहीत, दोन दिवस आधी सुरू होतात. तुमच्या करारात 'वेळेवर' म्हणजे काय लिहिलंय ते आधी काढून वाचा. बऱ्याच करारांत शिफ्टच्या १० मिनिटं आधी गाडी गेटवर असं असतं, म्हणजे ७ च्या शिफ्टला ६:५०. पण ६:५० कुणाच्या घड्याळात? गेटवरच्या सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये की जीपीएसमध्ये? आमच्याकडे एकदा याच्यावर अर्धा तास गेला होता, शेवटी कळलं की सिक्युरिटी केबिनचं भिंतीवरचं घड्याळ ४ मिनिटं पुढे आहे, आणि ज्या गाड्या आम्ही लेट धरल्या होत्या त्यातल्या बऱ्याच ६:४९-६:५० ला आत आलेल्या होत्या. व्हेंडर बरोबर होता, आम्ही चूक होतो. म्हणून मिनिट्समध्ये पहिल्या ओळीतच लिहा की आकडे कशातून घेतले, उदाहरणार्थ "गेटवरील वेळ जीपीएस रिपोर्टमधून घेतली आहे, ज्या दिवशी जीपीएस बंद होते त्या दिवशी गेट रजिस्टरमधून." आणि तो रिपोर्ट मीटिंगच्या दोन दिवस आधी व्हेंडरला मेल करा, मीटिंगमध्ये पहिल्यांदा दाखवू नका, नाहीतर समोरचा माणूस प्रत्येक ओळीवर 'बघून सांगतो' म्हणणार आणि तुमची मीटिंग तिथेच संपणार.

आता एक हिशोब करून दाखवते. आकडे मी माझ्या सोयीने घेतलेत, तुमचे वेगळे असतील, पण रीत हीच.

समजा १२ रूट, रोज ३ शिफ्ट, ऑगस्टमध्ये कामाचे २६ दिवस. म्हणजे कामावर आणणाऱ्या फेऱ्या झाल्या ९३६. त्यातल्या ५२ लेट, म्हणजे वेळेवर ८८४, म्हणजे ९४.४४ टक्के. करारात समजा ९७ टक्क्यांच्या वर काही कापायचं नाही, ९५ ते ९७ असेल तर महिन्याच्या बिलाच्या २ टक्के आणि ९३ ते ९५ असेल तर ४ टक्के. बिल १८,४०,००० रुपयांचं. तर सरळ हिशोबाने ४ टक्के म्हणजे ७३,६०० रुपये होतात.

इथे व्हेंडर म्हणणार, की तळेगाव-चाकण रोडवर ट्रेलर आडवा पडला त्या दिवशीच्या फेऱ्या काढा, ती आमची चूक नाही. बरोबर आहे, बहुतेक करारात हे धरलेलंच असतं, आपल्या हाताबाहेरच्या कारणांनी लेट झालेल्या फेऱ्या मोजायच्या नाहीत. समजा ते १७ फेऱ्या काढा म्हणतायत आणि तुमच्याकडे पुरावा ११ चाच आहे. लोक इथे तासभर वाद घालतात. पण वाद घालायच्या आधी कॅल्क्युलेटर काढून बघा ना. ११ काढल्या तर ८८४ भागिले ९२५, म्हणजे ९५.५७ टक्के. १७ काढल्या तर ८८४ भागिले ९१९, म्हणजे ९६.१९. दोन्ही २ टक्क्यांच्याच स्लॅबमध्ये. म्हणजे ११ की १७ या वादाने एक रुपयाचाही फरक पडत नाही, पैशाच्या दृष्टीने खरा प्रश्न पहिल्या सहा फेऱ्यांचा होता, कारण ५ काढल्या तर ९४.९५ राहतात आणि ६ काढल्या की ९५.०५ होऊन स्लॅब बदलतो. ६ पासून २४ फेऱ्यांपर्यंत काहीही काढा, रक्कम तीच, ३६,८००. हे मीटिंगच्या आधी माहीत असेल तर तुम्ही कुठे ताणायचं आणि कुठे सोडायचं ते शांतपणे ठरवू शकता.

पण एक लक्षात ठेवा, पैशात फरक पडत नाही म्हणून उरलेल्या ६ फेऱ्या उगाच 'मान्य' लिहू नका. पुढच्या महिन्यात त्याच सहांमुळे स्लॅब बदलू शकतो आणि ते म्हणतील मागच्या वेळी तुम्ही पुराव्याशिवाय मान्य केलं होतं. तसंच काढलेली फेरी वजा कुठून करायची हेही लिहा. मी वर ती एकूण फेऱ्यांतून काढली, काही जण ती 'वेळेवर' धरतात, मग ८९५ भागिले ९३६ म्हणजे ९५.६२ येतात. इथे फरक थोडा आहे पण स्लॅबच्या सीमेवर असाल तेव्हा तो जाणवतो. करारात लिहिलं असेल तसं करा, नसेल लिहिलं तर या मीटिंगमध्ये एकदा ठरवून टाका आणि ती रीत कायम ठेवा.

यानंतर तो पेनल्टीचा परिच्छेद येतो. तो मी लिहिला असता तर साधारण असा:

"ऑगस्टच्या ९३६ फेऱ्यांपैकी ५२ लेट. व्हेंडरने १७ फेऱ्या वगळण्याची मागणी केली. पैकी ११ पुराव्यासह मान्य, ६ अमान्य (यादी सोबत जोडली आहे). वेळेवर प्रमाण ९५.५७ टक्के, करारात ठरलेले ९७. करारातील तक्त्यानुसार २ टक्के, ३६,८०० रुपये. व्हेंडरतर्फे मालकांनी मीटिंगमध्ये मान्य केले. सप्टेंबरच्या २० तारखेपर्यंत व्हेंडर क्रेडिट नोट देतील."

बघा, इथे एक माणूस जो मीटिंगला नव्हता, अकाउंट्समधला किंवा ऑडिटर, तो हे वाचून काम करू शकतो, त्याला तुम्हाला फोन करावा लागत नाही. मी माझ्या टीमच्या मुलांना हीच कसोटी सांगायचे.

आणि व्हेंडरने मान्य केलं नाही तर? तर तेच लिहा! "व्हेंडरला मान्य नाही, कारण अमुक. कंपनीचे म्हणणे अमुक. निर्णय परचेस हेड १५ सप्टेंबरपर्यंत कळवतील." नाही म्हटलेलं लिहायला आपल्याला संकोच वाटतो, मीटिंग बिघडली असं दिसेल असं वाटतं, म्हणून आपण गोल गोल लिहितो आणि तिथेच फसतो. नकार नीट लिहिलेला असेल तर त्यावर पुढे काहीतरी करता येतं, पण 'सकारात्मक चर्चा झाली' असं लिहून ठेवलं तर कुणालाच काही करता येत नाही.

हो म्हणणारा माणूस कोण आहे तेही बघा. तुमच्याकडे मालक स्वतः होते हे चांगलं होतं. पुष्कळदा व्हेंडरचा सुपरवायझर येतो, तो बिचारा गाड्या लावणारा माणूस, पैशाबद्दल हो म्हणायचा त्याला अधिकार नसतो आणि आपण त्याच्या नावावर 'मान्य' लिहितो. मिनिट्सच्या वरती हजर लोकांच्या नावासमोर पद टाका, आणि पेनल्टीचा विषय असेल तेव्हा सही करू शकणारा माणूस आला पाहिजे हे मीटिंगच्या आमंत्रणातच लिहा.

आता पेनल्टी माफ करण्याबद्दल. साहेब लोक मीटिंगच्या शेवटी चहा घेताना म्हणतात, "जाऊ द्या, या वेळी सोडून देऊ." सोडायला हरकत नाही, कधी कधी सोडणं योग्यही असतं, पण ते वाक्य जसंच्या तसं मिनिट्समध्ये गेलं तर पुढच्या वेळी व्हेंडर तेच पान काढतो. मी असं लिहायचे, "ऑगस्टची ३६,८०० ची पेनल्टी निघते. रूट ४ आणि ७ ची सुधारणा १८ सप्टेंबरपर्यंत पूर्ण झाल्यास ती एकदाच माफ करण्यात येईल, न झाल्यास सप्टेंबरच्या बिलातून वजा होईल. करारातील इतर हक्क तसेच राहतील." म्हणजे रक्कम निघाली हे नोंदवलं, माफी कशाच्या बदल्यात ते नोंदवलं, आणि ती एकदाचीच आहे हेही. आणि माफी द्यायचा अधिकार मीटिंगमधल्या कुणाला आहे का हे आधी विचारून घ्या, बऱ्याच कंपन्यांत तो फायनान्सची सही असल्याशिवाय नसतो.

उलट बाजूही सांगते. करारात लिहिलेली रक्कम म्हणजे हक्काने मिळालेलं बक्षीस नव्हे. आपल्या १८७२ च्या कराराच्या कायद्यातलं कलम ७४ असं आहे, की करारात जो आकडा लिहिलाय तो वरची मर्यादा, त्याच्या आत जी वाजवी भरपाई असेल तेवढीच मिळते. वाद वाढून पुढे गेला तर विचारलं जाणार की तुमचं नुकसान काय झालं. म्हणून मिनिट्समध्ये एक ओळ परिणामाची असू द्या, जसं "८ ऑगस्टला रूट ७ ची गाडी २५ मिनिटे उशिरा, असेंब्लीची लाईन २० मिनिटे उशिरा सुरू झाली." प्रोडक्शनच्या लोकांकडून ते लगेच मिळतं, महिन्याने विचारलं तर कुणाला आठवत नाही.

पैसे कसे कापायचे हा तुमच्या भांडणाचा मूळ मुद्दा आहे असं मला वाटतं. अकाउंट्सने स्वतःच कापले, व्हेंडरला बिल कमी आलेलं दिसलं, मग तो चिडला. व्हेंडरने क्रेडिट नोट द्यायची, की कंपनीने डेबिट नोट काढायची, जीएसटी कसा धरायचा, हे तुमच्या अकाउंट्सला आधी विचारून त्यांच्याकडून लिहून घ्या आणि तेच वाक्य दर महिन्याच्या मिनिट्समध्ये वापरा.

आणि एक फार महत्त्वाचं, तुमचे व्हेंडर उद्यम नोंदणी असलेले सूक्ष्म किंवा लघु उद्योग असतील, बसवाले बरेच जण असतात, तर सगळं बिल अडवून ठेवू नका. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे पैसे लांबवता येत नाहीत, लांबवले तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. सेवेबद्दल तक्रार असेल तर ती सेवा मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी गेली पाहिजे असंही त्यात आहे. म्हणजे ऑगस्टची तक्रार तुम्ही ऑक्टोबरच्या रिव्ह्यूमध्ये काढलीत तर उशीर झालेला असतो. म्हणून मीटिंग महिन्याच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत घ्या, मिनिट्स दोन दिवसांत पाठवा, वादातली ३६,८०० तेवढी बाजूला ठेवा आणि बाकीचं बिल वेळेत जाऊ द्या. मिनिट्समध्येच लिहा की उरलेली रक्कम अमुक तारखेला दिली जाईल. ड्रायव्हरचे पगार त्यातूनच होतात हो, तिकडे पगार लांबला की सकाळी पावणेसहाला गाडी घेऊन कोण येणार?

आता सुधारणेच्या आश्वासनांकडे येते, माझ्या मते मिनिट्सचा हाच सगळ्यात कामाचा भाग आहे आणि आपण तो सगळ्यात घाईत लिहितो, कारण तोपर्यंत सगळ्यांना जेवायला जायचं असतं.

'ड्रायव्हरना समज देऊ', 'यापुढे काळजी घेऊ', 'लवकरच गाडी बदलू' ही वाक्यं पानावर येऊ द्यायची नाहीत. पण नुसती तारीख मागूनही भागत नाही, कारण उशीर का होतो ते कळल्याशिवाय घेतलेली तारीख पोकळ असते. वरच्या उदाहरणातच बघा, ११ वजा जाता ४१ लेट फेऱ्या उरल्या. त्या रूटप्रमाणे लावल्या आणि समजा त्यातल्या २३ फक्त रूट ४ आणि रूट ७ च्या, तेही सकाळच्या शिफ्टच्या निघाल्या. व्हेंडर म्हणणार ट्रॅफिक, मोशीपासून पुढे गाडी हलतच नाही. खरंही असतं, नाशिक हायवेचं सगळ्यांना माहितीय. पण हे तपासायची सोपी युक्ती आहे. जीपीएसमध्ये गेटची वेळ बघतो तशी पहिल्या स्टॉपवरून सुटायची वेळ बघा. गाडी ५:४५ ला बरोबर सुटली आणि गेटवर लेट आली तर रस्ता. गाडी सुटलीच ६:०५ ला तर रस्त्याचा काही संबंध नाही, गाडी किंवा ड्रायव्हर उशिरा आला. २३ पैकी १९ फेऱ्या पहिल्या स्टॉपवरूनच उशिरा सुटल्या असं निघालं की मग प्लेबॅक उघडा आणि ५ ते ६ मध्ये ती गाडी कुठे होती ते बघा. मला एकदा ती दुसऱ्या कंपनीच्या गेटवर सापडली होती, तिसऱ्या शिफ्टची माणसं सोडून मग आमच्याकडे यायची, एकाच गाडीवर दोन करार. असं दिसल्यावर 'ड्रायव्हरला समज' घेऊन काय उपयोग, त्या ड्रायव्हरची चूकच नव्हती.

मग आश्वासन असं लिहिलं जातं, "रूट ४ व ७ ला सकाळच्या शिफ्टसाठी स्वतंत्र गाडी, जी ४ ते ७ या वेळेत दुसऱ्या कुठल्याही ड्युटीवर नसेल. गाडी नंबर आणि ड्रायव्हरची नावे व्हेंडरचे ऑपरेशन मॅनेजर १४ सप्टेंबरपर्यंत मेल करतील. १८ सप्टेंबरपासून चालू. पुरावा: पहिल्या स्टॉपवरून सुटण्याची जीपीएस वेळ ५:४५ किंवा आधी, सलग १० कामाचे दिवस. तपासणार: ॲडमिन, ३ ऑक्टोबरला."

यात दोन तारखा आहेत हे बघा. एक मधली, १४ ची, आणि एक खरी, १८ ची. मधली तारीख चुकली की तुम्हाला चार दिवस आधीच कळतं की १८ चं होणार नाही आणि तेव्हा फोन करायला वेळ असतो. नाहीतर आपल्याला पुढच्या रिव्ह्यूमध्ये कळतं आणि महिना गेलेला असतो. तपासायची तारीख ३ ठेवली कारण २ ऑक्टोबरला सुट्टी. तारीख घेताना समोर कॅलेंडर असू द्याच, त्यात गणपती-दिवाळी कुठे येतात ते बघा. गणपतीत कोकणातले ड्रायव्हर गावाला जाणार म्हणजे जाणार, आणि त्याच आठवड्यात 'नवीन गाडी चालू' अशी तारीख व्हेंडरने दिली तर ती त्याने तुम्हाला बरं वाटावं म्हणून दिलेली असते. अशा वेळी मी स्वतःच म्हणायचे, दादा चार दिवस उशिराची द्या पण पाळता येईल अशी द्या. आणि गणपतीसाठी बदली ड्रायव्हरची यादी हे वेगळं आश्वासन म्हणून, वेगळ्या तारखेने लिहा.

या आश्वासनांचा तारखांसह एक तक्ता करा आणि आपल्या बाजूची कामंही त्याच तक्त्यात त्याच मापाने लिहा. रोस्टर जर ॲडमिनकडून रात्री साडेनऊला जात असेल आणि व्हेंडरला करारात संध्याकाळी ६ चं सांगितलेलं असेल तर त्यातल्या काही लेट फेऱ्या तुमच्या आहेत. "रोस्टर रोज ६ वाजेपर्यंत, जबाबदारी ॲडमिन, १२ सप्टेंबरपासून" असं स्वतःच्या नावावर लिहिलंत की समोरचा माणूसही स्वतःची तारीख जरा गंभीरपणे देतो, हे मी खूपदा बघितलंय.

सुरक्षेच्या गोष्टी या टक्क्यांत अजिबात मिसळू नका. एखाद्या गाडीचं फिटनेस संपलंय, रात्रीच्या ड्रॉपला बायका आहेत आणि गार्ड आलाच नाही, ड्रायव्हर दारू पिऊन आला, हे ९५ टक्क्यांत बुडून जातं आणि महिना हिरवा दिसतो. अशा घटनेला मिनिट्समध्ये स्वतंत्र परिच्छेद द्या, तारीख, गाडी, काय झालं, त्याच दिवशी काय केलं. आणि तिथे 'दिनांक अमुकपर्यंत सुधारणा' असं लिहू नका, फिटनेस नसलेली गाडी आजपासून बंद, कागद दाखवल्यावरच परत, एवढंच. मुदत दिली म्हणजे तोपर्यंत ती गाडी चालवायला तुम्ही लेखी परवानगी दिल्यासारखं होतं आणि त्यात उद्या काही झालं तर तो कागद तुमच्या सहीचा असतो.

लिहून झालं की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पाठवा. शक्य असेल तर मीटिंगमध्येच स्क्रीनवर पेनल्टीचा परिच्छेद आणि तारखांचा तक्ता टाइप करा आणि उठायच्या आधी सगळ्यांना वाचून दाखवा, दहा मिनिटं लागतात, पण मग 'मी असं म्हटलं नव्हतं' फारसं येत नाही. मेलमध्ये 'तीन दिवसांत काही कळवलं नाही तर मान्य समजू' असं बरेच लोक लिहितात, पण ते करारात असेल तरच त्याला वजन आहे, नुसतं आपण मेलमध्ये लिहिलं म्हणून समोरचा बांधला जात नाही. त्यामुळे पैशाचा विषय आहे तेव्हा सही घ्या, किंवा निदान 'बरोबर आहे' असं उत्तर त्यांच्या अधिकृत मेलवरून. व्हॉट्सॲपवरच्या अंगठ्यावर राहू नका. त्यांनी दुरुस्ती पाठवली तर तुमचं पान खोडू नका, त्यांचं म्हणणं जसंच्या तसं खाली जोडा आणि 'दुरुस्त प्रत' म्हणून नवीन तारखेने पाठवा. आणि मिनिट्समधून करार बदलत नाही हेही लक्षात असू द्या, मीटिंगमध्ये ९७ चे ९५ करायचं ठरलं तर मिनिट्समध्ये 'प्रस्ताव' एवढंच लिहायचं, तो करारात दोघांच्या सहीने गेला की मगच ९५.

पुढच्या रिव्ह्यूचा पहिला विषय मागच्या तारखांचा तक्ता ठेवा, नवीन आकड्यांच्याही आधी. पाळली, चुकली, पुढे ढकलली, एवढे तीनच शब्द. ढकलली तर जुनी तारीख पुसू नका, तिच्या शेजारी नवी लिहा, म्हणजे तिसऱ्यांदा ढकलल्यावर सगळ्यांना ते एका ओळीत दिसतं आणि तुम्हाला आवाज चढवावा लागत नाही.

आता जून-जुलै. जुने मिनिट्स उघडून त्यात रक्कम घालायचा मोह होईल, कुणी तसं सुचवेलही, पण ते करू नका, जे पान व्हेंडरकडे आधीच मेलने गेलंय ते आज बदललं तर सगळ्याच मिनिट्सवरचा विश्वास जातो. त्याऐवजी दोन्ही महिन्यांचे जीपीएस रिपोर्ट आजच डाउनलोड करून ठेवा, काही सिस्टीममध्ये जुना डेटा थोडे महिनेच राहतो. वरच्या रीतीने दोन्ही महिन्यांचा हिशोब करा, साहेबांना दाखवा, आणि खरं तेच सांगा की बोलणं झालं होतं पण रक्कम नोंदली गेली नाही. मग व्हेंडरला साधं पत्र पाठवा, त्यात हिशोब, रिपोर्ट आणि करारातलं कलम. कापलेले पैसे तोपर्यंत परत द्यायचे की ठेवायचे हे साहेब आणि अकाउंट्स ठरवतील, पण माझं मत विचाराल तर पटलेलं नसताना कापलेली रक्कम आत्ता सोडा आणि हा विषय ऑगस्टच्या मीटिंगमध्ये स्वतंत्र मुद्दा म्हणून घ्या. मालक एकदा हो म्हणालेत, आकडे समोर आले तर पुन्हा म्हणायची शक्यता बरीच आहे, कदाचित दोन्ही महिने मिळून एका रकमेवर तडजोड होईल. जे ठरेल ते लिहा, "जून व जुलैची पेनल्टी ८ सप्टेंबरच्या मीटिंगमध्ये ठरली", आणि त्या पानावर तारीख ८ सप्टेंबरचीच टाका.